तांबडी माती करडी होते तेव्हा: कोल्हापुरातल्या तालमीतल्या एका कृष्णधवल लघुपटाचं प्रकरण

कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतली एक तालीम, तिथले म्हातारे वस्ताद आणि खेड्यातून कुस्ती शिकायला आलेला एक पोरगा. वीसेक मिनिटांच्या लघुपटाची गोष्ट एवढीच. पोराचा कान पहिल्याच मोसमात मोडतो, सरावात नाकातून रक्त येतं आणि त्याला ठेवायचं की घरी पाठवायचं हे वस्तादांना ठरवता येत नाही. दिग्दर्शकाने पटकथेच्या पहिल्याच पानावर ‘कृष्णधवल’ असं लिहून ठेवलं होतं. कॅमेरा माझ्याकडे होता. निर्मात्याचा प्रश्न रास्त होता: तांबड्या मातीचा हौदा, शेंदरी मारुती, लाल-निळे लंगोट असं सगळं आयतं समोर असताना रंग काढून टाकायचे कशाला?

दिग्दर्शकाचं उत्तर जागा पाहायला गेलो तेव्हाच्या फुटेजमध्ये होतं. ते आम्ही रंगीतच घेतलं होतं आणि दिसायला देखणं होतं. पण दर शॉटमध्ये नजर आधी मारुतीच्या शेंदराकडे जायची, मग हौद्यातल्या मातीकडे आणि सगळ्यात शेवटी पोराकडे. पोरगा कोपऱ्यात जोर मारतोय, त्याचे दंड थरथरतायत, आणि बघणारा म्हणतोय, “काय माती आहे!” कोल्हापूरची तांबडी माती इतक्या जाहिरातींत आणि गाण्यांत दिसलेली आहे की ती पडद्यावर आली की प्रेक्षकाला ओळख पटते, आणि ओळख पटली की त्याचं निरखून बघणं थांबतं. दिग्दर्शकाला ती ओळख थोडी मागे सारायची होती. चौकटीतली सगळ्यात तेजस्वी आणि सगळ्यात हलणारी गोष्ट पोराची पाठ असावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मला ते पटलं, आणि आजही हेच कारण मला सगळ्यात भक्कम वाटतं. रंग काढला की नजरेला वाट दाखवायला उजेड, आकार, हालचाल आणि फोकस एवढंच उरतं. हे चारही दिग्दर्शकाच्या हातात असतात. तालमीतले रंग तसे नसतात, ते आधीपासून तिथे असतात.

वस्तादांना हे पटवणं जड गेलं. त्यांनी चाचणीचं चित्र बघितलं आणि म्हणाले, “आवं, माती तांबडी न्हाई दिसली तर तालीम कसली म्हणायची ही?” या आक्षेपात तथ्य होतं, आणि पुढचं सगळं काम त्याच्याशी झुंजण्यात गेलं.

माती आणि कातडी एकच करडी

रंगीत चित्र कृष्णधवल करणं म्हणजे प्रत्येक रंगाला एक करडी छटा देणं. ती छटा कोणती द्यायची हे निसर्गात ठरलेलं नसतं, कुणीतरी ठरवतं. एचडी व्हिडिओचं प्रमाणित सूत्र असं आहे:

Y = 0.2126 R + 0.7152 G + 0.0722 B

Y म्हणजे करडी छटा; R, G आणि B म्हणजे चित्रातला लाल, हिरवा आणि निळा. डोळ्याला हिरव्या भागातला उजेड सगळ्यात जास्त जाणवतो, म्हणून हिरव्याला सर्वाधिक वजन आणि निळ्याला अगदी कमी. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाची पातळी शून्यावर आणली की साधारण असंच काहीतरी घडतं. बहुतेक हौशी कृष्णधवल कामं इथेच थांबतात.

आमच्या एका चौकटीतले आकडे घेऊ, ० ते २५५ या मोजपट्टीवर. शेंदूर: लाल २२७, हिरवा ६६, निळा ५२. कोरडी माती: १४६, ८२, ५८. सावलीच्या बाजूची पोराची पाठ: १४०, ९२, ७०. रंगात बघितलं तर तिन्ही गोष्टी ठळक वेगळ्या. सूत्रात घातलं की शेंदूर ९९, माती ९४, पाठ १०१. म्हणजे मारुती, हौदा आणि पोरगा तिघेही जवळपास एकाच करड्या रंगाचे. पडद्यावर पोरगा मातीत विरघळला आणि मारुती भिंतीत.

हे कळायला आकडेमोड करावीच लागते असं नाही. मॉनिटर कृष्णधवल करून डोळे किलकिले करून बघायचं. बारीकसारीक तपशील पुसट झाल्यावरही आकृती उठून दिसली तर चित्र उभं आहे. नुसता धुरकट पट्टा दिसला तर शॉट पडला. वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजेडाच्या पातळ्यांचा आलेख, लावला तर हेच रेषेत दिसतं: सगळं चित्र मधल्या एका पट्ट्यात चिकटून बसलेलं, वरही काही नाही आणि खालीही काही नाही.

मग आपण वजनं बदलतो. पूर्वी हे काम लेन्ससमोरच्या रंगीत काचेने व्हायचं. लाल फिल्टर लावला की लाल वस्तू उजळतात आणि निळं आकाश काळवंडतं. रंगीत सेन्सरवर चित्रण केलं असेल तर नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्राच्या छटा जुळवताना, लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही चॅनलचं मिश्रण बदलून जवळपास तेच साधता येतं. आम्ही आधी लाल ६० टक्के आणि हिरवा ४० टक्के घेऊन पाहिलं. शेंदूर १६३ वर गेला, माती १२० आणि पाठ १२१. मारुती दिव्यासारखा उजळला, पोरगा आणि माती मात्र अजून जुळे भाऊच. शिवाय लाल चॅनलमध्ये माणसाची कातडी गुळगुळीत आणि फिकट दिसते, कारण कातडीवरचे लालसर डाग, ओरखडे आणि सूज त्या चॅनलला फारशी दिसतच नाहीत. पोराचा मोडलेला कान सपाट झाला. ज्या कानासाठी अख्खी गोष्ट, तोच गायब.

उलट दिशेला गेलो. हिरवा ८०, लाल १०, निळा १०. आता शेंदूर ८१, माती ८६, पाठ ९५. मारुती सगळ्यात गडद होऊन मागे सरकला, पाठ थोडी वर आली आणि कानाच्या सुजेला, ओरखड्यांना आकार आला. दिग्दर्शकाने हे मिश्रण उचललं. निळ्याचं प्रमाण आणखी वाढवून बघितलं तेव्हा कातडी अजून खडबडीत आणि कणखर झाली, पण चित्रात खळबळ दिसायला लागली. साध्या कॅमेऱ्यांत निळ्या चॅनलमध्ये सगळ्यात जास्त नॉइज असतो, आणि तालमीसारख्या कमी उजेडाच्या, पिवळसर जागेत तर आणखीच. त्यातून फुटेज ८ बिटचं आणि जास्त दाबलेलं असेल तर निळा चॅनल ओढल्यावर सावल्यांत चौकोनी ठोकळे उमटतात. म्हणून आम्ही छटांची आणि रंगाची माहिती जास्त टिकवणाऱ्या १० बिट, ४:२:२ वर चित्रण केलं आणि निळ्याला दहा टक्क्यांच्या पुढे नेलं नाही.

कोल्हापूरसाठी हा प्रश्न जुना आहे. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२० साली ‘सैरंध्री’ केला, त्या काळी मिळणारी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला निळा आणि थोडा हिरवा उजेड कळायचा, लाल कळायचाच नाही. लाल ओठ, कुंकू, तांबडं कापड सगळं काळं यायचं आणि उन्हाने रापलेले चेहरे मूळापेक्षा जास्त काळवंडायचे. लाल ओळखणारी पँक्रोमॅटिक फिल्म १९२०च्या दशकाच्या अखेरीस रुळली. त्यामुळे त्या पिढीला रंग कोणते वापरायचे याचा विचार सेट रंगवतानाच करावा लागे. आज काही दिग्दर्शक त्या मर्यादेकडे मुद्दाम परत जातात. रॉबर्ट एगर्सच्या ‘द लाइटहाउस’ला (२०१९) जॅरिन ब्लाश्के यांनी कृष्णधवल डबल-एक्स फिल्म वापरली आणि लाल उजेड अडवणारा फिल्टर खास बनवून घेतला. दोन्ही माणसांचे चेहरे त्याने रापलेले, भेगाळलेले दिसतात. आमचं हिरव्याकडे झुकलेलं मिश्रण त्याच दिशेचं, फार सौम्य रूप आहे.

पण आकडे परत बघा. माती ८६, पाठ ९५. नऊचा फरक. मोठ्या पडद्यावर, हलत्या चित्रात एवढ्याने भागत नाही. फिल्टर म्हणा किंवा चॅनल म्हणा, त्याने वेगळ्या रंगाच्या वस्तू वेगळ्या करता येतात. तांबडी माती आणि सावळी कातडी एकाच रंगाच्या कुळातल्या आहेत, त्यांना मिश्रणाने फोडता येत नाही. हे लक्षात आलं की ग्रेडिंगची खोली सोडून परत तालमीत यावं लागतं.

उजेड, पाणी आणि तेल

माती आणि कातडी रंगाने एक असली तरी पृष्ठभागाने एक नाहीत. माती उजेड सगळीकडे पसरून परत देते. तेल लावलेली, घामेजलेली पाठ आरशासारखी एका दिशेने देते. तेव्हा उजेड समोरून न घेता मागून, तिरका घ्यायचा. तालमीला पूर्वेच्या भिंतीत उंचावर दोन झरोके होते. सकाळच्या सरावाच्या वेळी त्यांतून उजेड यायचा, तोच मुख्य उजेड ठरवला. कॅमेरा हौद्याच्या पश्चिमेला, म्हणजे उजेडाच्या समोर. पोरगा मध्ये आला की खांदा, पाठीचा कणा आणि दंडाच्या कडेवर पांढरी चकचकीत रेघ उमटायची आणि माती तिच्या खाली गडद राहायची. पश्चिमेच्या चुना लावलेल्या भिंतीवरून परत येणारा उजेड ही कड मारत होता, म्हणून तिथे काळा कपडा ताणून लावला. एकही दिवा न वाढवता केलेला हा बदल आमच्या अख्ख्या कामातला सगळ्यात परिणामकारक होता.

दुसरा उपाय वस्तादांच्या रोजच्या कामातच होता. हौद्यावर पाणी शिंपडून माती उकरायची त्यांची रीत. ओल्या मातीत कणांमधल्या हवेची जागा पाणी घेतं, उजेड आत शिरतो आणि तिथेच शोषला जातो, म्हणून ती गडद दिसते. शॉटच्या आधी शिंपण झालं की माती ठळक खाली उतरायची आणि पाठ सुटी व्हायची. फक्त वेळ सांभाळावी लागे. वरचा थर सुकत गेला की एकाच प्रसंगातले दोन शॉट जुळत नाहीत, आणि रंगीत चित्रात जे कुणाच्या ध्यानात आलं नसतं ते कृष्णधवलमध्ये लगेच खटकतं, कारण छटेशिवाय बघायला दुसरं काही नसतं.

आणि मग पोरगा मातीत पडतो. अंगाला माती लागते, तेल झाकलं जातं, चकाकी जाते. कुस्ती जसजशी रंगेल तसतसं अंग आणि हौदा एक होत जातं. आम्ही ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. सुरुवातीच्या दृश्यांत पोरगा मातीवर उठून दिसावा आणि शेवटच्या कुस्तीत तिच्यात मिसळून जावा, असा क्रमच दिग्दर्शकाने बांधला. हे रंगीत चित्रात साधलं नसतं, तिथे तो ‘माती लागलेला पोरगा’ एवढाच दिसला असता.

लंगोटांनी मात्र अडचण केली. दोन पैलवान ओळखू यावेत म्हणून एकाला लाल आणि दुसऱ्याला निळा लंगोट दिला होता. लाल १८०, ४०, ४०. निळा ४०, ७०, १७०. प्रमाणित सूत्रात लाल ७० आणि निळा ७१. पडद्यावर दोघांचा लंगोट एकच, धुळीने चेहरेही एकच, आणि कोण कुणाच्या पाठीवर आहे ते कळेना. आमच्या मिश्रणात ते ५४ आणि ७७ होत होते, पण झटापटीत तेही अपुरं. शेवटी एकाला धुऊन फिका पडलेला पांढरट लंगोट आणि दुसऱ्याला गडद तपकिरी दिला. वेशभूषा सांभाळणाऱ्या मुलीने पुढे प्रत्येक कपड्याचा फोटो फोनवर कृष्णधवल करूनच निवड केली. रंगाने वेगळेपण दाखवणाऱ्या कुठल्याही खेळाची हीच पंचाईत असते, आणि ती चित्रणाच्या आधी सोडवायची असते.

रक्त

इथे मला सर्वात जास्त वेळ द्यावा लागला. पोराच्या नाकातून रक्त येतं हे गोष्टीचं वळण आहे. रंगात एक लाल थेंब पुरतो. कृष्णधवलमध्ये घाम, तेल, ओली माती आणि रक्त सगळं गडद आणि ओलं. पहिली कच्ची जुळणी दाखवली तेव्हा काहींना वाटलं पोरगा घाम पुसतोय.

हिचकॉकने ‘सायको’मध्ये (१९६०) रक्तासाठी चॉकलेट सिरप वापरलं होतं. कृष्णधवल फिल्मवर खऱ्या रक्ताच्या रंगापेक्षा दाटपणा आणि गडदपणा जास्त महत्त्वाचा असतो. आम्हीही खाण्याच्या रंगाचं लाल पाणी सोडून दाट, गडद मिश्रण घेतलं. हिरव्याकडे झुकलेलं मिश्रण इथे मदतीला आलं, कारण लाल त्यात आपोआप काळवंडतो. पण खरा उपाय क्रमाचा होता. रक्त येण्याआधी पोरगा पंच्याने तोंड पुसतो, चेहरा मातीविना कोरडा आणि फिका दिसतो. मग त्या फिक्या ओठावर काळी रेघ येते. तो बोट लावतो, बोटाकडे बघतो आणि समोरचा पैलवान मागे सरकतो. प्रेक्षकाला रक्त आहे हे रंगाने न कळता माणसांच्या वागण्याने कळतं.

यात काहीतरी मिळतं आणि काहीतरी जातं, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. लाल रक्त बघून जी शिसारी अंगावर येते ती इथे येत नाही. त्याऐवजी प्रेक्षक पोराच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते वाचायला लागतो. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘रेजिंग बुल’बद्दल (१९८०) एक गोष्ट प्रसिद्ध आहे: चाचणीचं रंगीत फुटेज बघून दिग्दर्शक मायकेल पॉवेल म्हणाले की बॉक्सिंगच्या हातमोज्यांचा लाल रंग बरोबर वाटत नाही. कृष्णधवलच्या निर्णयात या शेऱ्याचा वाटा होता, जोडीला रंगीत फिल्म काळाबरोबर फिकी पडते ही काळजीही होती. मार खाणाऱ्या माणसाकडे बघताना लाल रंग हटवला तर मार किती लागला यापेक्षा तो कसा सोसतोय हे जास्त दिसतं, असं मला त्या चित्रपटावरून आणि आमच्या पोरावरून वाटतं.

जुना काळ समजण्याचा धोका

लघुपट आजचा आहे. तरी दाखवल्यावर “हे कोणत्या सालातलं?” हा प्रश्न आलाच. तालीम, मारुती, कौलं आणि करडं चित्र म्हटलं की डोळ्यांसमोर जुन्या स्टुडिओंचा काळ उभा राहतो, आणि कोल्हापुरात तर तो जरा जास्तच जवळचा. प्रेक्षक हे जुन्या काळातलं आहे असं धरून बघायला लागला की वस्तादांची कोंडी त्याला आजची वाटत नाही, ती ‘पूर्वी असं असायचं’ या खात्यात जाते. कृष्णधवलची ही सगळ्यात मोठी किंमत आहे, आणि दिग्दर्शक ती नेहमी मोजून घेत नाहीत.

इथे अल्फोन्सो क्वारोनच्या ‘रोमा’चा (२०१८) मार्ग उपयोगी पडला. गोष्ट १९७०-७१ची, पण चित्रण मोठ्या सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यावर, स्वच्छ, बारीक करड्या छटांचं, जुन्या फिल्मचे कण मुद्दाम न घालता. चित्राचा पोत आजचा राहतो. आमच्या कलरिस्टने फिल्मचे कण आणि कडेला काळोखी घालून एक आवृत्ती केली होती. ती सुंदर होती आणि आम्ही ती टाकून दिली. दुसरं म्हणजे पहिल्याच मिनिटात आजचं काहीतरी ठेवलं: झरोक्याखाली चार्जिंगला लावलेला फोन, पोरगा त्यावर स्वतःच्या डावाचा व्हिडिओ परत परत बघतो. त्यानंतर साल विचारणारं कुणी भेटलं नाही.

बघणाऱ्यांत काय बदललं

एकच जुळणी आम्ही काही जणांना रंगीत दाखवली आणि काहींना कृष्णधवल. बघणाऱ्यांत पैलवान होते, कॉलेजची मुलं होती, शेजारच्या घरांतल्या बायका होत्या. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हता, पण बोलण्यातला फरक स्पष्ट होता. रंगीत बघणारे तालमीबद्दल बोलत: कुठली आहे, माती कशी ठेवली आहे, मारुती किती छान. कृष्णधवल बघणारे श्वासाबद्दल बोलले. पोराची धाप, पाठीवर पडलेली थाप, वस्तादांचा घसा खाकरणं. आवाजाची पट्टी दोन्हींत तीच होती. माझा अंदाज असा की डोळ्यांना ओळखायला कमी मिळालं की कान पुढे सरसावतो. एका आजींना मात्र कृष्णधवल अजिबात आवडलं नाही. त्या म्हणाल्या, “पोराच्या तोंडावरचं तेज दिसंना.” लाल चॅनल कमी केल्यावर कातडीची उजळ झाक जाते हे त्यांनी एका वाक्यात पकडलं. चेहऱ्याच्या दोन जवळच्या शॉटना आम्ही नंतर लाल थोडा वाढवून दिला.

पैलवानांची हरकत वेगळी होती. माती ओली आहे की कोरडी, ती नीट मुरली आहे की नाही, हे ते रंगावरून ओळखतात, आणि तेवढी माहिती पडद्यावरून गेली. मात्र पकड कुठे बसली, वजन कुठल्या पायावर आहे हे त्यांना कृष्णधवलमध्ये जास्त लवकर दिसलं. कडेच्या उजेडाने स्नायूंची हालचाल सुटी झाली होती.

राहिला व्यवहार. एका वाहिनीने रंगीत प्रत मागितली. चित्रण रंगीत सेन्सरवर असल्यामुळे ती देणं तांत्रिकदृष्ट्या सोपं होतं, आणि अडचण तीच होती. अलेक्झांडर पेनच्या ‘नेब्रास्का’चीही (२०१३) करारापोटी रंगीत आवृत्ती तयार करावी लागली होती. आमच्याकडे पांढरट आणि तपकिरी लंगोट, काळा कपडा लावून मारलेली भिंत आणि चॉकलेटी रक्त हे सगळं करड्यासाठी निवडलेलं होतं. रंगात ते रक्त चिखल दिसतं. दिग्दर्शकाने नकार दिला आणि पुढच्या करारात रंगीत प्रत दिली जाणार नाही हे कलम आधीच घालायचं ठरवलं. रंगाचा मार्ग कायमचा बंद करणारे मोनोक्रोम सेन्सरचे कॅमेरेही मिळतात. त्यांत सेन्सरवर रंग वेगळे करणारी फिल्टरची जाळी नसल्याने साधारण एक स्टॉप, म्हणजे जवळपास दुप्पट, उजेड मिळतो, आणि तालमीतल्या त्या झरोक्यांखाली तो आम्हाला फार उपयोगी पडला असता. पण मग हिरव्या-लालचं मिश्रण नंतर बदलता येत नाही, फिल्टर लेन्ससमोर जागेवरच ठरवावा लागतो, आणि आजींसाठी ते दोन शॉट उजळता आले नसते.